निकाल लागल्यावर निकष बदलला तर? औषधचाचणीची नोंदणी आधी का करावी लागते

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात कोविडवरच्या रेमडेसिविर या औषधाच्या कुप्या मिळवण्यासाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या, काळाबाजार सुरू होता आणि रुग्णाचे नातेवाईक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरत होते. हे औषध दिले तर माणूस वाचतो, अशी त्या काळात अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात ज्या अमेरिकी चाचणीमुळे रेमडेसिविर प्रसिद्धीस आले, त्या चाचणीने मुख्यतः ‘रुग्ण किती दिवसांत बरा होतो’ हे मोजले होते. शिवाय हा मुख्य निकष चाचणी चालू असताना बदललेला होता, आणि त्यावरून तज्ज्ञांमध्ये तेव्हाच कुजबुज झाली होती. निकष बदलला एवढ्यावरून संशय का यावा, आणि त्या संशयाचे निराकरण कसे होते, हे समजून घ्यायचे तर आधी एका जुन्या प्रकरणाकडे वळावे लागेल.

मुख्य निकष म्हणजे काय

नवे औषध उपयोगी आहे का हे पाहण्यासाठी रुग्णांचे लॉटरी पद्धतीने गट पाडले जातात. एका गटाला औषध मिळते आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, मिळते. ठरलेल्या मुदतीनंतर दोन्ही गटांची तुलना होते. ही तुलना अनेक बाबतींत करता येते: मृत्यू, ताप, रुग्णालयातील दिवस, रुग्णाचे स्वतःचे मत, रक्ततपासणीतील एखादा आकडा. यांपैकी ज्या एका मापावर (क्वचित दोन मापांवर) औषधाचा निकाल लावायचा असे संशोधक आधीच ठरवतात, त्याला प्रायमरी आउटकम म्हणतात. या लेखात आपण त्याला मुख्य निकष म्हणू. बाकीची मापे दुय्यम राहतात.

मुख्य निकष नीट लिहिलेला असेल तर त्यात संदिग्धता उरत नाही. ‘नैराश्य कमी होणे’ हा निकष नव्हे, तो फक्त विषय झाला. नैराश्य कोणत्या प्रश्नावलीने मोजणार, तिच्या गुणांतील घट पाहणार की विशिष्ट गुणांखाली आलेले रुग्ण मोजणार, गटाची सरासरी काढणार की टक्केवारी, आणि हे सारे कितव्या आठवड्यात, इतके सगळे सांगितले म्हणजे निकष पूर्ण होतो. यांतली एक जागा जरी मोकळी सोडली, तरी नंतर तिथे सोयीचे उत्तर भरता येते.

275 मुलांची चाचणी

स्मिथक्लाइन बीचम या कंपनीने 1990 च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात 12 ते 18 वर्षे वयाच्या, तीव्र नैराश्य असलेल्या 275 मुलामुलींवर एक चाचणी घेतली. ती ‘स्टडी 329’ या नावाने ओळखली जाते. एका गटाला पॅरोक्सेटीन हे कंपनीचे औषध, दुसऱ्याला इमिप्रामिन हे जुने औषध आणि तिसऱ्याला प्लासिबो, असे आठ आठवडे दिले गेले. तपासणीसाठी हॅमिल्टन मापनपट्टी वापरली गेली. या पद्धतीत डॉक्टर रुग्णाची मुलाखत घेऊन गुण देतात आणि गुण जितके जास्त तितके नैराश्य तीव्र असते.

चाचणीच्या लेखी आराखड्यात दोन मुख्य निकष होते. पहिला, हॅमिल्टन गुणांमध्ये सरासरी किती घट झाली. दुसरा, ‘प्रतिसाद’ देणाऱ्या मुलांचे प्रमाण. यात ज्याचे गुण निम्म्याने घटले किंवा 8 पर्यंत खाली आले, त्या मुलाने प्रतिसाद दिला असे धरायचे होते. त्याखेरीज सहा दुय्यम निकष होते. आठ आठवड्यांनी हिशेब झाला तेव्हा या आठांपैकी एकाही निकषावर पॅरोक्सेटीन प्लासिबोपेक्षा खात्रीलायक सरस ठरले नाही. पॅरोक्सेटीन गटात 66.7 टक्के मुलांनी प्रतिसाद दिला आणि प्लासिबो गटात 55.2 टक्के मुलांनी. हा फरक कानाला मोठा वाटतो, पण एवढ्या लहान गटांत तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

तरीही 2001 साली एका प्रतिष्ठित बालमानसोपचार नियतकालिकात जो शोधनिबंध छापून आला, त्याचा निष्कर्ष होता की पॅरोक्सेटीन किशोरवयीन मुलांमध्ये परिणामकारक आहे आणि ते सहसा चांगले सोसते. हा निष्कर्ष चार मापांच्या आधारावर काढला होता, आणि ती चारही मापे आराखड्यातील आठ निकषांमध्ये नव्हती.

अकरा मुलांनी केलेला फरक

त्या चारांपैकी एक माप जवळून पाहण्यासारखे आहे, कारण निकष किती अलगद सरकतो हे त्यात स्पष्ट दिसते. त्याला शोधनिबंधात ‘रेमिशन’, म्हणजे आजार जवळपास ओसरणे, असे नाव दिले होते, आणि त्याची व्याख्या होती हॅमिल्टन गुण 8 किंवा त्याहून कमी असणे. वर सांगितलेली मूळ व्याख्या आठवून पाहावी. ती दोन भागांची होती: गुण निम्मे होणे, किंवा 8 पर्यंत येणे. नव्या मापात त्यातला दुसरा भाग तेवढा ठेवला आणि पहिला वगळला.

आता मोजणी करू. पॅरोक्सेटीन गटातील ज्या 90 मुलांचा हिशेब धरला गेला, त्यांत मूळ व्याख्येप्रमाणे 60 मुलांनी प्रतिसाद दिला होता, तर प्लासिबो गटातील 87 पैकी 48 मुलांनी. गुण निम्मे झाले, पण 8 पर्यंत पोहोचले नाहीत अशी मुले पॅरोक्सेटीन गटात तीन होती आणि प्लासिबो गटात आठ. नव्या मापात ही अकरा मुले बाजूला पडली. पॅरोक्सेटीनचे 60 चे 57 झाले, प्लासिबोचे 48 चे 40 झाले. टक्केवारी 63.3 विरुद्ध 46.0 अशी झाली, साडेअकरा टक्क्यांचे अंतर सतरा टक्क्यांच्या पुढे गेले, आणि जो फरक योगायोगाच्या कक्षेत होता तो ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ ठरला.

एकाही मुलाचे गुण खोडलेले नाहीत की एकही आकडा बनावट नाही. बदलला तो फक्त प्रश्न. म्हणूनच असा बदल शोधनिबंध वाचून पकडता येत नाही. छापलेला हिशेब वाचकाने शंभर वेळा तपासला तरी तो बरोबरच निघेल.

आकडे खरे असतील तर बिघडले कुठे

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या ओळखीच्या एका नियमात आहे. महाराष्ट्रात दहावीच्या निकालात ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची पद्धत आहे: सहांपैकी ज्या पाच विषयांत जास्त गुण, त्यांची टक्केवारी धरायची. टक्का वाढवणारा नियम असूनही कोणी त्याला लबाडी म्हणत नाही, कारण तो परीक्षेआधी माहीत असतो आणि सगळ्यांना सारखा लागू असतो. पण समजा एका विद्यार्थ्याने गुणपत्रिका हातात आल्यावर सांगितले की माझे गणित आणि विज्ञान सोडा, त्याऐवजी चित्रकला आणि घटक चाचणीतले इतिहासाचे गुण धरा. त्याचा प्रत्येक गुण खराच असेल, पण बेरजेला मात्र काही अर्थ राहणार नाही.

संख्याशास्त्राच्या भाषेत याचे कारण असे. औषध पूर्ण निरुपयोगी असले तरी दोन गट प्रत्येक बाबतीत तंतोतंत सारखे निघत नाहीत. म्हणून रिवाज असा आहे की निव्वळ योगायोगाने शंभरातून पाचपेक्षा कमी वेळा दिसेल इतका मोठा फरक आढळला तरच तो लक्षणीय मानायचा. ही पाच टक्क्यांची सवलत एका प्रश्नासाठी असते. एकमेकांशी संबंध नसलेले वीस प्रश्न विचारले, तर निरुपयोगी औषधही निदान एका प्रश्नावर ‘पास’ होण्याची शक्यता सुमारे 64 टक्के होते. प्रत्यक्षात नैराश्याची मापे परस्परांशी बांधलेली असतात, त्यामुळे हा आकडा काहीसा कमी येतो, पण दिशा तीच राहते. स्टडी 329 ची कागदपत्रे नंतर ज्यांनी तपासली, त्यांना एकूण 27 मापे आढळली आणि त्यांपैकी पॅरोक्सेटीनच्या बाजूने चार होती. शोधनिबंधाच्या वाचकाला मात्र 27 हा आकडा दिसतच नव्हता, आणि त्याच्याविना चार या आकड्याचे वजन करणे अशक्य होते.

दरम्यान, औषध घेतलेल्या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार आणि तसे वर्तन अधिक होते, ही बाब शोधनिबंधात ‘भावनिक अस्थिरता’ अशा सौम्य शब्दांखाली झाकली गेली. ब्रिटनच्या नियामकांनी 2003 साली 18 वर्षांखालील नैराश्यासाठी हे औषध वापरू नये असे सांगितले. 2015 मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ माहितीवरून चाचणीचे पुन्हा विश्लेषण केले. औषध परिणामकारक नाही आणि मुलांसाठी सुरक्षितही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भरतीच्या आधी, आणि सर्वांसमोर

स्टडी 329 च्या लेखकांचे म्हणणे असे होते की ती जादा मापे कोणत्या मुलाला काय मिळाले हे उघड होण्याआधीच ठरली होती. पुनर्विश्लेषण करणाऱ्यांना तसा कागद सापडला नाही. हा वाद असाच लोंबकळत राहिला, कारण आराखडा कंपनीच्या कपाटात होता आणि तो बाहेर आला तोच न्यायालयीन खटल्यांमुळे. माझ्या मते या प्रकरणाचे खरे मर्म इथे आहे. लेखकांचा हेतू काय होता हे आपण सांगू शकत नाही, पण तारीख असलेली सार्वजनिक नोंद असती तर हेतूची चर्चा करावीच लागली नसती.

जून 2004 मध्ये न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ते एलियट स्पिट्झर यांनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनवर (स्मिथक्लाइन बीचम तोवर तिच्यात विलीन झाली होती) दावा लावला. मुलांवर किमान पाच चाचण्या होऊनही एकच छापली, असा त्यात आरोप होता. ऑगस्टमध्ये कंपनीने 25 लाख डॉलर भरून आणि चाचण्यांची माहिती सार्वजनिक करण्याचे मान्य करून तडजोड केली. त्यानंतर महिन्याभरातच जगातील प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीने जाहीर केले की 1 जुलै 2005 पासून सुरू होणारी चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवलेली नसेल, तर तिचा शोधनिबंध आम्ही छापणार नाही. अमेरिकेची ClinicalTrials.gov ही नोंदवही 2000 पासून होतीच, पण तिला वजन आले ते या अटीमुळे.

नोंदणी निकाल लागण्याआधी कधीही का चालत नाही, पहिल्या रुग्णाच्याच आधी का, असा प्रश्न येथे पडतो. कारण पहिला रुग्ण आला की माहिती जमू लागते. गोळी कोणती हे गुप्त असले तरी डॉक्टरांना तोंड कोरडे पडणे, मळमळणे अशा दुष्परिणामांवरून अंदाज येतो, आणि मधल्या टप्प्यावर आकडे पाहणाऱ्या समित्याही असतात. कोणी केव्हा काय पाहिले हे नंतर सिद्ध करणे कठीण असते. पहिल्या भरतीपूर्वी मात्र पाहण्यासारखे काहीच नसते, त्यामुळे त्या क्षणाआधीची नोंद संशयापलीकडे राहते. दुसरे कारण असे की उशिरा नोंदणी चालली, तर निराशाजनक ठरू लागलेल्या चाचण्या कधी नोंदवल्याच जाणार नाहीत, आणि ‘पाचांपैकी एक छापली’ हे कोणाला कळणारही नाही.

मग निकष बदलूच नये का

बदलता येतो, आणि कधी कधी बदलणेच शहाणपणाचे असते. रेमडेसिविरच्या चाचणीचे उदाहरण यासाठीच उपयोगी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय ॲलर्जी व संसर्गजन्य रोग संस्थेने 21 फेब्रुवारी 2020 ला रुग्णभरती सुरू केली, तेव्हा मुख्य निकष होता पंधराव्या दिवशी रुग्णाची अवस्था, घरी परतण्यापासून मृत्यूपर्यंतच्या आठ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर. पुढे कळत गेले की हा आजार अपेक्षेपेक्षा लांबतो. बरे व्हायला वीस दिवस लागणाऱ्या आजारात पंधराव्याच दिवशी मोजमाप केले, तर खरा फायदाही निसटू शकतो. म्हणून ‘बरे होण्यास लागलेले दिवस’ हा नवा मुख्य निकष ठरला.

नोंदवहीत हा बदल 16 एप्रिलला दिसला आणि निकालाची घोषणा झाली 29 एप्रिलला. मधले अवघे तेरा दिवस पाहून संशय येणे स्वाभाविक होते आणि तो घेणाऱ्यांचे काही चुकले नाही. पण येथे तपासायला कागद होते. बदलाचा प्रस्ताव 22 मार्चला, 72 रुग्ण भरती झालेले असताना, कोणत्या रुग्णाला काय मिळते हे आणि निकालाचे आकडे ठाऊक नसलेल्या संख्याशास्त्रज्ञांनी मांडला होता. 2 एप्रिलला तो पक्का झाला, तोवर मधल्या टप्प्याचे आकडेही आलेले नव्हते. बदलाचे कारण चाचणीच्या बाहेरून आलेल्या माहितीत होते. हे सारे शोधनिबंधात लिहिले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ निकषाचा निकालही छापला होता, आणि तोही रेमडेसिविरच्याच बाजूचा निघाला.

म्हणजे बदल दिसला की चार गोष्टी विचाराव्यात: तो केव्हा झाला, करणाऱ्यांना तेव्हा काय ठाऊक होते, कारण काय दिले, आणि जुन्या निकषाचे काय झाले. यांतला चौथा प्रश्न मला सर्वांत कामाचा वाटतो, कारण पहिल्या तिन्हींची उत्तरे शब्दांत देता येतात, पण जुन्या निकषाचा आकडा एक तर छापलेला असतो किंवा नसतो. स्टडी 329 च्या निबंधात हा आकडा तक्त्यात होता, पण सारांश आणि निष्कर्ष वाचणाऱ्याला तो निकाल देणारा मुख्य निकष होता हे कळण्याची सोय नव्हती.

निकषाचा मान राखला की औषधाने काय सिद्ध केले आणि काय नाही हेही नेमके कळते. त्या 1062 रुग्णांच्या चाचणीत बरे होण्याचा मध्यक काळ रेमडेसिविरने 15 दिवसांवरून 10 दिवसांवर आला. 29 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 11.4 विरुद्ध 15.2 टक्के होते, पण हा फरक योगायोग नाही असे खात्रीने म्हणता येत नव्हते, आणि मृत्यू हा तिथे मुख्य निकष नव्हताच. जीव वाचण्याविषयीची समजूत या चाचणीतून आपोआप निघत नव्हती.

दुय्यम मापांत खरेच काही सापडले तर

तर ते सांगावेच, फक्त ‘हे पुढच्या चाचणीने तपासावे’ असे म्हणून सांगावे. आठ ठरलेले निकष फसले आणि नववे माप चमकले, तर नव्या मुलांवर, त्याच नवव्या मापाला मुख्य निकष करून, नवी चाचणी नोंदवता येते. शोध दडपावा असे यात कोणी म्हणत नाही. ज्या आकड्यांमधून प्रश्न सुचला, त्याच आकड्यांना त्याचा पुरावा म्हणून उभे करू नये, इतकीच मागणी आहे.

नोंदवही काय करू शकत नाही

नोंदणीने सगळे सरळ झाले असे समजू नये. 2015 च्या शेवटी इंग्लंडमधील संशोधकांच्या एका गटाने पाच अग्रगण्य नियतकालिकांतील 67 चाचण्यांचे शोधनिबंध आधी जाहीर केलेल्या निकषांशी ताडून पाहिले. त्यांतले फक्त नऊ पूर्णपणे जुळले. बाकीच्यांत जाहीर निकष गाळलेले होते किंवा नवे मुकाट्याने घुसवलेले होते. गटाने संपादकांना पत्रे लिहिली आणि त्यांतली बरीच छापली गेली नाहीत. नोंदवही ही पाहणाऱ्याच्या उपयोगाची वस्तू आहे, ती स्वतः कोणाला अडवत नाही. नोंदवणाऱ्याने मुद्दामच ढोबळ निकष लिहिला, तर बदल पकडण्याचीही सोय राहत नाही.

भारताची नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, जुलै 2007 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सुरू केली. नियामकांच्या अखत्यारीतील औषधचाचण्यांना 15 जून 2009 पासून नोंदणी सक्तीची झाली. पण भरती सुरू झाल्यावर केलेली नोंदणीही तिथे बराच काळ स्वीकारली जात होती. 1 एप्रिल 2018 पासून मात्र फक्त आगाऊ नोंदणीच घेतली जाते. तेव्हा पुण्या-मुंबईतल्या एखाद्या चाचणीची, मग ती आयुर्वेदिक काढ्याची असो वा लशीची, बातमी वाचनात आली, तर बातमीत किंवा शोधनिबंधात `CTRI/` ने सुरू होणारा क्रमांक शोधावा. त्यातील पुढचे दोन आकडे नोंदणीचे वर्ष आणि महिना सांगतात. नोंदीत पहिल्या रुग्णाच्या भरतीची तारीख असते, ती नोंदणीच्या तारखेनंतरची आहे का हे पाहायचे. मग मुख्य निकष आणि तो मोजण्याची वेळ वाचून ती शोधनिबंधाच्या सारांशातील पहिल्या आकड्याशी जुळते का ते पाहायचे. नोंदीत नंतर केलेले बदलही तारखांसह पाहता येतात, आणि ClinicalTrials.gov वर त्यासाठी `Record History` हा वेगळा भाग आहे, जिथे दोन तारखांची नोंद शेजारी शेजारी ठेवून ताडता येते.